अर्ध्या तासात काळी झालेली बाटली

पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत का हे बघायच्या एच२एसच्या बाटलीत हापशाचं पाणी भरून ठेवलं आणि विहिरीकडे गेलो. अर्ध्या तासाने परत येतो तर बाटली काळीकुट्ट! ओट्यावर बसलेल्या काकू म्हणाल्या, "बघा, म्हटलं नव्हतं? हापशाला वास मारतो. आमची विहीरच बरी."

विहिरीची बाटली अजून पिवळसरच होती, त्यामुळे त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. मला मात्र काळं व्हायचा वेग खटकला. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असले, तर त्यातले काही बाटलीतल्या खाद्यावर वाढून हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि तो तिथल्या लोहाशी मिळून काळा होतो. पण वाढायला त्यांना कित्येक तास लागतात. अर्ध्या तासात काळं झालं म्हणजे सल्फाइड जमिनीतूनच पाण्याबरोबर आलं असणार. सडक्या अंड्यासारखा तो वासही त्याचाच.

गढूळपणाच्या नळीत चित्र उलटं होतं. सावलीत नळी उभी धरायची, बुडबुडे न होऊ देता पाणी ओतायचं, वरून बघत राहायचं आणि तळाची काळी फुली दिसेनाशी झाली की गढूळपणाचा आकडा एनटीयू या मापात वाचायचा. विहिरीच्या पाण्यात फुली ३० एनटीयूलाच बुडाली. हापशाच्या पाण्याने नळी काठोकाठ भरली तरी ती लख्ख दिसत होती, म्हणजे ५ च्या आत. त्याखालचं काही ही नळी सांगत नाही.

हापशाचा नमुना पुन्हा घेतला. तोटी ज्योतीने शेकली, पाच मिनिटं हापसलं. मग उकळत्या पाण्याने विसळलेल्या दोन भांड्यांत ते पाणी वास जाईपर्यंत वरून खाली ओतत राहिलो आणि २० मिलीच्या खुणेपर्यंत नवी बाटली भरली. भांड्यांतूनच घाण गेली तर काय, ही धाकधूक होतीच. म्हणून उकळून गार केलेलं पाणी त्याच भांड्यांत तसंच ओतून तिसरी बाटली भरली.

उबवणी पेटी नव्हती आणि रात्र थंड होती. गारठ्यात जंतू हळू वाढतात, बाटली पिवळी राहते आणि आपण फसतो. तिन्ही बाटल्या फडक्यात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि उताणा झोपलो. झोप कसली!

सकाळी, अठराव्या तासाला, विहिरीची बाटली काळी पडली होती. बाकीच्या दोन्ही ४८ तासांनंतरही पिवळ्याच होत्या.

"मग हापसा चांगला?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, "काकू, एवढ्याशा नमुन्यात जंतू दिसले नाहीत, इतकंच सांगतो. पावसाळ्यात पुन्हा बघू. विहिरीचं पाणी मात्र उकळल्याशिवाय पिऊ नका." ब्लीचिंग पावडर टाकू का, असं कोणीतरी विचारलं. आधी गाळ बसू द्या म्हणालो. इतक्या गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं आणि जंतू त्याआड लपतात.

काळ्या बाटलीत आता जंतूंचं पीकच होतं. ती ब्लीचिंगच्या दाट पाण्यात बुडवली आणि अर्ध्या तासाने लांबच्या खड्ड्यात ओतली.