ठाण्यात राहून नोकरी शोधायची कुठे? शीटमध्ये मांडलेला हिशोब

अकाउंट्स आणि जीएसटीचं काम, अनुभव 2 ते 5 वर्षं. ठाणे, नवी मुंबई, मुंबई, पुणे आणि नाशिक यांपैकी कुठे अर्ज करण्यात वेळ घालवायचा, हे मी गूगल शीट्समध्ये ठरवलं. पोर्टलवर शहर टाकलं की वर दिसणारा आकडा मी मुळीच वापरला नाही. त्यात जुन्या जाहिराती असतात आणि एकच जागा तीन कन्सल्टन्सींनी टाकलेलीही असते. गेल्या 15 दिवसांचा फिल्टर लावायचा, सगळ्या शहरांना पद आणि अनुभव तोच ठेवायचा आणि एकेक जाहिरात ओळीत उतरवायची. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं.

माझे कॉलम असे: A तारीख, B कंपनी, C पद, D जाहिरातीतलं ठिकाण, E शहर, F किमान पगार, G कमाल पगार, H वाटा. D आणि E वेगळे ठेवायचं कारण आपल्याच भागात आहे. महापे किंवा ऐरोलीची जागा जाहिरातीत पुष्कळदा नुसती ‘मुंबई’ म्हणून येते. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने ऐरोली गाठणं आणि रोज लोअर परळला जाणं यांत केवढा फरक आहे, हे सांगायला नको. म्हणून जाहिरात उघडून पत्ता वाचायचा आणि E मध्ये खरं शहर लिहायचं. पत्ताच नसेल तर ‘मुंबई-अनिश्चित’. E ला ड्रॉपडाउन लावावा, कारण हाताने लिहिताना ‘ठाणे’च्या मागे एक स्पेस राहिली तरी ती ओळ सूत्रातून गळते आणि शीट तक्रार करत नाही.

एकाच जाहिरातीत नवी मुंबई, पुणे, नाशिक अशी तीन नावं असली तर तीन ओळी करून प्रत्येकीला H मध्ये =1/3 देतो. एका शहराच्या जाहिरातीला 1. जागा मोजताना या वाट्यांची बेरीज घ्यायची. पगाराच्या मध्यकात, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यात, मात्र फक्त H=1 असलेल्याच ओळी, कारण तीन शहरांना एकच पगार लागला की तिथले मध्यक एकमेकांजवळ सरकतात आणि आपण शोधत असलेला फरकच पुसला जातो.

```
=SUMIF(E2:E400,"नवी मुंबई",H2:H400)
=COUNTIFS(E2:E400,"नवी मुंबई",F2:F400,">0",H2:H400,1)
=MEDIAN(FILTER(F2:F400,E2:E400="नवी मुंबई",F2:F400>0,H2:H400=1))
```

पहिलं सूत्र जागा देतं, तिसरं पगाराचा मध्यक. दुसरं सांगतं की तो मध्यक किती ओळींवर उभा आहे. बऱ्याच जाहिरातींत पगार लिहिलेलाच नसतो. तिथे F रिकामा ठेवायचा, अंदाज भरायचा नाही. पगार लाखांत, वार्षिक आणि नुसता आकडा: महिना 25,000 असेल तर 3. ‘3 लाख’ असं लिहिलं तर शीट त्याला मजकूर समजतं आणि MEDIAN तो मुकाट्याने सोडून देतं. ओळखायची खूण अशी की आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. अटीत बसणारी ओळच सापडली नाही तर तिसऱ्या सूत्रात #N/A येतं.

सरासरी का नको? 3, 3.5, 4, 4.5 आणि 18 हे पाच पगार घ्या. सरासरी येते 6.6, म्हणजे पाचांपैकी कोणालाच न मिळणारा पगार. मध्यक 4. मी मध्यक किमान पगाराचाच काढतो. ‘3 ते 9’ असल्या रुंद पट्ट्याचा मधला 6 हा आकडा कोणी देऊ केलेला नसतो. वरचं टोक बहुधा जास्त अनुभववाल्यांसाठी असतं.

ओळी कमी असल्या तर मध्यक कितपत धरायचा, हे पाहायला त्या शहराचे पगार चढत्या क्रमाने लावतो आणि मधल्या आकड्याच्या लगेच खालचा आणि लगेच वरचा आकडा पाहतो. 3.8, 4, 4.2 अशी चाल असेल तर ठीक. 3, 4.2, 6 अशी उडी असेल तर एखादी नवी जाहिरात आली तरी मध्यक हलेल. अशा शहराची तुलना मी जागांच्या संख्येवरच करतो.

मग भाडं. ठाण्यात घरी राहणाऱ्याला पुण्यात खोलीला महिना 12,000 पडतील असं धरलं, तर वर्षाला 1.44 लाख होतात. पुण्याचा मध्यक नवी मुंबईपेक्षा निदान तेवढा वर हवा, आणि तोही हातात पडणाऱ्या रकमेत. जाहिरातीतला आकडा सीटीसी असतो. पीएफमधला कंपनीचा वाटा आणि व्हेरिएबल त्यातच धरलेले असू शकतात. तेवढी तफावत दिसली नाही तर पुण्याचा फिल्टर काढून ऐरोली ते बेलापूर या पट्ट्याचा अलर्ट लावायचा, आणि ‘मुंबई-अनिश्चित’ ओळींना अर्जाआधी फोन करून ऑफिस कुठे आहे ते विचारायचं.