पंचवीस-पंचवीसवाला गट

आमच्याकडे स्टेट बोर्डात संभाव्यता दहावीला येते, पण नववीचा सांख्यिकीचा धडा संपला की मी दोन तास काढून नाणी आणि फासे करून घेतेच, कारण दहावीत गेल्यावर पोरं n(A) भागिले n(S) घडाघडा म्हणतात पण एकानेही नाणं पन्नास वेळा उडवलेलं नसतं. गेल्या वर्षी नुसत्या ताळ्याच्या खुणा करायला सांगितल्या होत्या आणि झाडून सगळ्या गटांचे छापे 24 ते 26 मध्ये आले. तेव्हा मी खूश झाले होते, आता हसू येतं.

यावेळी प्लॅन बदलला. 48 पोरं, चारचे बारा गट, प्रत्येकी 50 टॉस. एकाने उडवायचं, एकाने मोठ्याने सांगायचं, दोघांनी लिहायचं, आणि खुणा नाहीत, आलं तसं ओळीने छा का का छा असं लिहायचं. नाणं कंपासच्या झाकणात पडलं पाहिजे, नाहीतर अर्धा तास बाकाखालीच जातो (तरी गेलाच). 35 मिनिटांच्या तासात पन्नास टॉसला दहा मिनिटं सहज लागतात, त्यामुळे फासे दुसऱ्या दिवसावर ढकलले होते.

फळ्यावर आकडे लिहायला लागले. 27, 23, मग एका गटाचे बरोबर 25, तर वर्गाने टाळ्या वाजवल्या. पुढचा गट मुलींचा, त्यांचे 32. वर्ग हसला आणि त्यातली एक उठून म्हणाली, बाई आमचं चुकलं का, परत करू? मला तिथेच खटकलं. बारा गटात एखाद्याचे 32 येणं अजिबात वावगं नाही, पण पोरांच्या डोक्यात 25 हे उत्तर आणि बाकी सगळं चूक, प्रयोगवहीत जसं आधी उत्तर बघून रीडिंग लिहितात ना, तसंच. म्हणलं बस, एक अक्षर खोडायचं नाही.

बारा गटांचे मिळून 600 मध्ये 306 छापे आले, म्हणजे 0.51. एकेकटे गट इकडेतिकडे पण एकत्र केलं की निम्म्याजवळ, हे पोरांना पटलं. वह्या घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि चहा पिताना सहज त्या 25 वाल्यांची ओळ वाचली. छा का छा छा का छा का का छा. पन्नासात एकदाही सलग तीन सारखे नाहीत! मुलींच्या ओळीत मात्र एका जागी सलग सात छापे.

आता नुसतं 25 येणं संशयास्पद नाही, दर नऊ गटांमागे एकाचं येतंच. पण पन्नास टॉसमध्ये सलग तीन कधीच न येणं म्हणजे लाखात तीनचार वेळा होणारी गोष्ट. माणूस मनाने लिहायला बसला की दोन छापे झाले की त्याचा हात आपोआप काट्याकडे वळतो, नाण्याला काय आठवतंय आधी काय पडलं ते.

रागावले नाही. दुसऱ्या दिवशी फासे काढायच्या आधी सांगितलं, सहा गटांनी खरं उडवा, सहांनी मनाने लिहा, कोण काय करणार ते आपसात ठरवा, मी बाहेर थांबते. मग ओळी बघून ओळखायला लागले, सलग पाच सारखे दिसले की खरं, नाहीतर बनावट. बारापैकी अकरा बरोबर. एक खरा गट मी बनावट म्हणून पकडला आणि पोरांनी काय आरडाओरडा केला! पण ते व्हायचंच, खऱ्या पन्नासातही साधारण पाचात एकदा सलग पाच येतच नाहीत, म्हणजे ही खूण संशयाला पुरते, कोणाला फाशी द्यायला नाही. हे मी फळ्यावर लिहूनच ठेवलं.

तोवर ते चौघं स्वतःच आले. बाई, पाचव्या टॉसलाच नाणं कपाटाखाली गेलं, दुसरं नव्हतं, वेळ संपत आला म्हणून भरलं. म्हणलं आधी सांगितलं असतं तर मी दिलं नसतं का रुपया. त्यांच्याकडून परत 50 करून घेतले, छापे 22 आले, फळ्यावरची बेरीज 303 झाली.

उरलेल्या वेळात फासे, लुडोच्या डब्यातलेच, प्रत्येकी 60 वेळा. यावेळी आधीच विचारलं, आधीचाच आकडा लगेच परत किती वेळा येईल? बहुतेक म्हणाले दोन-तीनदा. खरं तर पहिला सोडून प्रत्येक फेकीला सहात एक शक्यता, म्हणजे दहाएक वेळा. वर्गात 6 पासून 14 पर्यंत आलं. कपाटवाल्या चौघांचे 13, त्यात लागोपाठ तीन पाच, आणि ते वही घेऊन माझ्याआधी शेजारच्या बाकावर दाखवायला पळाले, खरंच पडलेत, झाकणात, विचारा कोणालाही.