विटेवरी कर?

"विटेवरी कर? अरे, विठ्ठलाचे हात कमरेवर असतात ना?"

आज संध्याकाळी सांगलीत, गावभागातल्या आमच्या घरी आजीनं मोबाइल डोळ्यांजवळ धरून हे विचारलं. भजनाच्या रीलसोबत टाकायची इमेज मी तिला दाखवत होतो. 'सुंदर ते ध्यान'मधलं पहिलंच कडवं घेतलं होतं, कारण रीलमध्ये तेच पुन्हा पुन्हा येतं. पण अक्षरं मोठी केली आणि ओळी आपोआप अशा तुटल्या:

उभे विटेवरी कर
कटावरी ठेवोनिया

शब्द सगळे बरोबर, अर्थ मात्र पार बिघडला. मला दिसलंच नाही, कारण मी डोळ्यांनी वाचत होतो. आजीनं गुणगुणत वाचलं आणि ती तिथंच अडखळली.

मग बोटांवर अक्षरं मोजली. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. तुकोबांनी ओळी कुठे थांबवायच्या ते आधीच सांगून ठेवलंय:

सुंदर ते ध्यान
उभे विटेवरी
कर कटावरी
ठेवोनिया

शेवटची ओळ आखूड आहे, तिच्याखालची जागा मोकळीच ठेवली. ओळींमधलं अंतरही वाढवलं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना चिकटत होते.

एक गोष्ट राहत होती. 'तुका म्हणे' शेवटच्या कडव्यात येतं, त्यामुळे इमेजवर तुकोबांचं नावच नव्हतं. ते खाली बारीक अक्षरात घातलं. कॅप्शनमध्ये आधी माझं 'विठ्ठल विठ्ठल' आणि इमोजी होते, ते काढून पूर्ण अभंग टाइप केला. रील बघणाऱ्याला सोबत म्हणता यावा म्हणून.

पोस्ट टाकण्याआधी तुम्ही ओळी मोठ्यानं म्हणून बघता का?