चौतीस मिनिटांचा आलेख

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात भट्टीचं तापमान नोंदवणारा डेटा लॉगर बनतो. दर सेकंदाला सोळा बाइटची एक नोंद, आणि ती साठवायला कंट्रोलरच्या बाहेर बसवलेली ५१२ केबीची एसरॅम. एका ग्राहकाकडून असाच एक नग परत आला. तक्रार अशी, की भट्टी थंड असताना चालू केली तरी आलेख थेट तापलेल्या भट्टीपासून सुरू होतो.

आलेख उतरवून घेतला तेव्हा आणखी एक गंमत दिसली. पहिली चौतीस मिनिटं आणि पुढची चौतीस मिनिटं हुबेहूब सारखी होती, दशांशापर्यंत. त्यापुढेही तोच प्रकार, प्रत्येक तुकडा दोनदा. सॉफ्टवेअरवाल्या मुलाने रिंग बफरचा पॉइंटर पुन:पुन्हा तपासला. त्यात काही नव्हतं, कारण तोच कोड बाकीच्या सगळ्या नगांमध्ये बिनतक्रार चालत होता. आमची अंतिम तपासणी दहा मिनिटांची, त्यामुळे तिथे हे दिसणं शक्यच नव्हतं.

मला खटकलं ते चौतीस मिनिटं. नेमकी मोजली तर २०४८ सेकंद, म्हणजे २०४८ नोंदी, म्हणजे बरोबर ३२ केबी. दोनाचा असा स्वच्छ घात सॉफ्टवेअरच्या चुकीतून क्वचितच निघतो. त्याला अ‍ॅड्रेस लाइनचा, म्हणजे मेमरीतली जागा निवडणाऱ्या तारेचा, वास येतो. एक लाइन कायम शून्यावर राहिली, तर ३२ केबीनंतरची नोंद पुन्हा पहिल्याच जागी जाऊन बसते आणि थंड भट्टीच्या नोंदी पुसल्या जातात.

मग चालू होतानाची मेमरी टेस्ट पास कशी झाली? जुनी टेस्ट सगळ्या जागी `0x5555` लिहायची, वाचायची, मग `0xAAAA` लिहून वाचायची. सगळीकडे एकच आकडा असेल तर दोन पत्ते एकाच खोलीत उघडले तरी कळणार कसं? वाचल्यावर अपेक्षित तेच मिळतं.

तेव्हा टेस्ट नव्याने लिहिली. आधी डेटा बस: एकाच पत्त्यावर `0x0001`, `0x0002`, `0x0004` असा एक-एक बिट पुढे सरकवत सोळा वेळा लिहायचं आणि वाचायचं. यात एक खोच आहे. लिहिल्या लिहिल्या वाचलं तर बसच्या कपॅसिटन्सवर राहिलेला तोच आकडा परत येऊ शकतो. एसरॅम न बसवलेला एक बोर्ड मुद्दाम लावून पाहिला, तर तो चक्क पास झाला! म्हणून लिहिणं आणि वाचणं यांच्यामध्ये दुसऱ्या पत्त्यावर उलटा आकडा लिहायला लावला.

डेटा बस ठीक असेल तरच पुढे अ‍ॅड्रेस बस:

```c
/* volatile uint16_t *base */
for (i = 1; i < WORDS; i <<= 1) base[i] = 0xAAAA;
base[0] = 0x5555;
for (i = 1; i < WORDS; i <<= 1)
    if (base[i] != 0xAAAA) fail(&base[i]);
```

प्रत्येक जागेच्या पत्त्यात एकच लाइन वर असते. त्यामुळे अठरा लाइन्सना अठरा जागा पुरतात, सगळी मेमरी पालथी घालावी लागत नाही. एखादी लाइन अडकली असेल तर ती जागा आणि शून्याची जागा एकच होते, आणि `0xAAAA`च्या ठिकाणी `0x5555` सापडतो. मात्र `volatile` हवंच, नाहीतर कंपायलर वाचणं गाळून टाकू शकतो. शिवाय स्टॅक आणि व्हेरिएबल्स आतल्या रॅममध्ये हवीत, तपासली जाते त्या रॅममध्ये नव्हेत.

परत आलेल्या नगाने पडद्यावर `0x60008000` दाखवलं. आमची बाह्य मेमरी `0x60000000` पासून सुरू होते. हे पाहून सहकारी म्हणाला, "पंधरावा बिट, म्हणजे A15," आणि सोल्डरिंग आयर्न उचलायला निघाला. त्याला थांबवलं. बस सोळा बिटांची असल्यामुळे बाइटच्या पत्त्यातला सर्वांत खालचा बिट चिपच्या अ‍ॅड्रेस पिनांवर जातच नाही. सगळं एक घर खाली सरकतं, म्हणजे संशयित A14.

मल्टिमीटर लावला तर बीप आला, म्हणजे जोड ठीक! रिवर्कवाल्या ताई हसल्या. "सर, प्रोब दाबू नका, पाय खाली बसतोय," त्या म्हणाल्या. खरंच, ड्राय सोल्डर होता. प्रोबच्या दाबाने पाय पॅडला टेकत होता, सोडला की पुन्हा अधांतरी. त्यांनी फ्लक्स लावून पाय पुन्हा सोल्डर केला आणि टेस्ट पास झाली.

वरचा कोड सगळं पकडत नाही. दोन शेजारच्या लाइन्स एकमेकींना चिकटल्या आणि त्यातली वर असलेली जिंकली, तर त्या दोन्ही जागा तिसऱ्याच जागी जाऊन पडतात आणि शून्याची जागा निर्धोक राहते. त्यासाठी दुसरी फेरी लिहिली: एकेका जागी `0x5555` ठेवायचा, बाकीच्या बदलल्या नाहीत हे पाहायचं, मग ती जागा पूर्ववत करायची. वरच्या आणि खालच्या बाइटच्या इनेबल पिना मात्र सोळा बिटांच्या लिहिण्यात दोन्ही एकदम चालतात, त्यामुळे त्या यातूनही निसटतात. त्यांच्यासाठी एक-एक बाइट लिहून वाचण्याची वेगळी चाचणी जोडली.