बँग-बँग कंट्रोल: स्विचिंग कर्व्ह हातानं काढल्यावर काय काय कळलं

प्रॉब्लेम दिसायला एकदम साधा आहे. एक गाडी आहे, घर्षण नाही, फोर्स आपल्या हातात, पण त्याला मर्यादा. म्हणजे x'' = u, आणि u फक्त -1 ते +1 मध्ये. कुठूनही सुरू करून कमीत कमी वेळात शून्यावर आणून उभी करायची, नुसती शून्यावरून पास होऊन चालणार नाही, तिथे वेगही शून्य पाहिजे.

पॉन्ट्र्यागिनचं मॅक्सिमम प्रिन्सिपल लावलं की u ची दिशा p2 या कोस्टेटच्या, म्हणजे x आणि v सोबत गणितात येणाऱ्या मदतनीस राशींपैकी एकीच्या, चिन्हावरून ठरते. या सिस्टिममध्ये p1 कॉन्स्टंट निघतो आणि p2 वेळेनुसार सरळ रेषेत बदलतो. सरळ रेषा शून्याला फार तर एकदाच छेदणार, म्हणून u एकतर पूर्ण +1 किंवा पूर्ण -1, आणि मध्ये जास्तीत जास्त एकच स्विच. मला हे सगळं पटलं होतं, पण स्विच करायचा कधी हे यातून हाताला काही लागत नव्हतं, कारण p2 ची सुरुवातीची व्हॅल्यू कोण सांगणार?

मग कोस्टेट बाजूला ठेवून कागदावर आडव्या अक्षावर जागा x, उभ्यावर वेग v घेतला आणि उलटा विचार केला: शेवटचा तुकडा कुठलाही असो, तो ओरिजिनमध्येच संपला पाहिजे. u = +1 वर सगळे मार्ग पॅराबोला असतात, पण ओरिजिनमध्ये पोचणारा एकच, v ऋण असलेला अर्धा भाग, x = v²/2. u = -1 चा तसाच दुसरा अर्धा, x = -v²/2. हे दोन अर्धे जोडले की झाला स्विचिंग कर्व्ह, x = -½ v|v|. त्याच्या उजवीकडे असाल तर -1, डावीकडे असाल तर +1, कर्व्हवर पोचलात की चिन्ह उलटं करा आणि त्याच कर्व्हवरून घरी जा. आता वेळ मोजायची गरजच नाही, फक्त आत्ता कुठे आहोत ते बघायचं, म्हणजे हा फीडबॅक झाला की!

हातानं एक केस सोडवली, x = 1, v = 2, म्हणजे गाडी आधीच चुकीच्या दिशेनं पळतेय. u = -1 दिला, मार्ग x = 3 - v²/2. गाडी 2 सेकंदांनी x = 3 ला थांबते, मग परत फिरते. कर्व्हला गाठते तेव्हा v²/2 = 3 - v²/2, म्हणजे v = -1.732 आणि x = 1.5. इथे स्विच, आणि आणखी 1.732 सेकंदांत शून्य. एकूण 5.46 सेकंद.

कोड तर दोन ओळींचा, s म्हणजे कर्व्हपासून किती उजवीकडे आहोत ते:

```python
s = x + 0.5 * v * abs(v)
u = -1.0 if s > 0 else 1.0
```

सिम्युलेशनमध्ये x चा ग्राफ छान आला, पण u चा ग्राफ शेवटी काळाकुट्ट पट्टा! ओरिजिनजवळ u सतत +1, -1 उड्या मारत होता. कारण असं की कंट्रोल दर स्टेपलाच बघतो, त्यामुळे स्विच थोडा उशिरा होतो. v = -1 असताना s दर सेकंदाला 2 नं घटत असतो, स्टेप 0.01 ची धरली तर 0.02 पर्यंत चूक होऊ शकते, मग गाडी शेजारच्या पॅराबोलावरून शून्याच्या किंचित पुढे जाऊन थांबते, परत वळते, आणि हा खेळ संपत नाही.

त्याहून महत्त्वाचं मला वाटलं ते मोटारीचं. कर्व्ह 1 ऍक्सलरेशन धरून काढलाय आणि मोटार खरी 0.8 च देते असं समजा. x = 1 वरून सुटल्यावर स्विच 0.444 ला होतो, पण ब्रेकला 0.556 अंतर लागतं, म्हणजे 0.111 नं ओव्हरशूट. पुढच्या फेरीत त्याचा परत नववा भाग, असं करत करत जातं.

उलट केलं तर? मोटार 1 देते पण कर्व्ह मुद्दाम 0.8 धरून काढला, तर स्विच आधीच होतो, गाडी कर्व्हला चिकटून घसरत येते, ओव्हरशूट नाही. u मात्र त्या वाटेवरही फडफडतो. वेळ 2 ऐवजी 2.12 सेकंद, म्हणजे जेमतेम 6 टक्के जास्त, मला तरी हा सौदा एकदम परवडला.

फडफड घालवायला s चं नुसतं चिन्ह न घेता s च्या आसपास एक अरुंद पट्टा ठेवला जिथे u हळूहळू बदलतो, आणि ओरिजिनजवळ कर्व्हच्या जागी सरळ रेषा, कारण तिथे कर्व्हचा स्लोप फार तीव्र होतो. जोडाच्या जागी व्हॅल्यू आणि स्लोप दोन्ही जुळवावे लागतात, नाहीतर झटका बसतो. हार्ड डिस्कचं हेड एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर नेताना याच धर्तीची प्रॉक्सिमेट टाइम-ऑप्टिमल सर्व्होमेकॅनिझम, म्हणजे पीटीओएस नावाची पद्धत वापरतात, त्यातही ब्रेकिंगचं ऍक्सलरेशन असंच मुद्दाम कमी धरतात.