दाजीपूरच्या कडेला तंबूतली रात्र

जानेवारीत आम्ही चौघं कोल्हापूरहून राधानगरीमार्गे दाजीपूरकडे गेलो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि आत जाळ करण्यावरही बंदी आहे. आत फिरायचं तर वनविभागाची परवानगी आधी घ्या. मुक्कामासाठी आम्ही हद्दीबाहेरच्या गावातलं भात कापून मोकळं झालेलं एक खाचर निवडलं. मालकाला आधी विचारलं, पोलीस पाटलांच्याही कानावर घातलं.

आमचा डोळा पाण्याकाठच्या सपाट जागेवर होता. मालक काकांनी तिथले खुरांचे ठसे आणि शेणाचे पो दाखवले. "हितं तंबू मारू नगा, रातीला गवं ह्याच वाटंनं पाण्याला उतरत्यात." जनावरांची वाट अशीच ओळखायची: दबलेलं गवत, चिखलात रुतलेले खूर, ताजं शेण. पाण्याजवळ दवही जास्त पडतं, पहाटे तंबू आतून ओला होतो. म्हणून आम्ही वरच्या खाचरात, घराच्या हाकेच्या अंतरावर उतरलो. भाताची धसकटं तंबूच्या तळाला भोकं पाडतात, तेव्हा खाली जाड ताडपत्री दुहेरी अंथरा. जवळच्या सड्यावर मात्र तंबू नको. जांभ्या दगडात खुंट्या शिरत नाहीत आणि तिथली बारीक झाडोरी तुडवली जाते.

पाण्याचा हिशेब आधीच करा. माणशी तीन लिटर पिण्याचं, म्हणजे चौघांचं बारा. स्वयंपाक आणि भांड्यांना आणखी आठ. वीस लिटरचा एक कॅन एका दिवसाला पुरतो. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गुरं डुंबलेली असू शकतात. ते आधी फडक्यातून गाळा, मग खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्या. क्लोरीनची गोळी वापरायची तर अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात ती नीट काम करत नाही, म्हणून गाळणं टाळू नका.

आता शिधा. कोल्हापूरकर म्हटलं की मटणाचा बेत आलाच, पण इथे तो नकोच. खरकट्याचा आणि हाडांचा वास दूर जातो, आणि या जंगलात बिबट्याही आहे, अस्वलही. आम्ही भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं यांवर भागवलं. गूळ, केळी आणि मध अस्वलाला फार आवडतात. यातलं काहीही तंबूत ठेवू नका, उशाच्या पिशवीत तर नाहीच. सगळा शिधा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरून रात्री काकांच्या घरात ठेवला. सुगंधी साबण आणि टूथपेस्टही तिथेच.

स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर केला. जानेवारीत वाळलेलं गवत एका ठिणगीनं पेटतं. भांडी ओढ्यात न धुता पाणी बाजूला आणून राखेनं घासली. शौचासाठी पाण्यापासून ऐंशी पावलं लांब, वीतभर खोल खड्डा खणून बुजवा. ओले टिश्यू पुरू नका, ते कुजत नाहीत. कचऱ्यासाठी दोन पिशव्या न्या आणि निघताना खाचरात एका रांगेत उभं राहून चालत जा. आम्हाला अशाच फेरीत खुंटी, रबरबँड आणि चॉकलेटचे कागद सापडले.