शीत-हुमणाच्या कॅलरी मोजताना आलेला अनुभव

अ‍ॅपमध्ये ‘राइस’ शोधलं की दोन जातीच्या नोंदी समोर येतात. एकीत १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, दुसरीत १३० च्या आसपास. पहिली कोरड्या तांदळाची, दुसरी शिजलेल्या भाताची, म्हणजे शीताची. बहुतेक नोंदींवर हे लिहिलेलंच नसतं. ताटातला २५० ग्रॅम भात पहिल्या नोंदीवर टाकला तर ८७५ कॅलरी दिसतात.

म्हणून मी उकडे तांदूळ शिजवण्याआधीच तोलतो. ३०० ग्रॅम तांदळाच्या १०५० कॅलरी धरायच्या. रिकाम्या टोपाचं वजन लिहून ठेवायचं, आणि पेज गाळून झाल्यावर टोप पुन्हा काट्यावर ठेवायचा. शीत ९०० ग्रॅम भरलं, तर २५० ग्रॅमच्या वाढणीत सुमारे २९० कॅलरी. पेजेबरोबर थोडा स्टार्च निघून जातो, त्यामुळे खरा आकडा याहून किंचित कमीच असतो.

हुमणाची, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या मासळीच्या रश्शाची, तयार नोंद मी वापरत नाही. ती कोणाच्या घरची, त्यात नारळ किती, काहीच कळत नाही. १५० ग्रॅम ओलं खोबरं म्हणजे सुमारे ५३० कॅलरी. चौघांत वाटलं तर मासळी धरण्याआधीच प्रत्येकी १३० झाल्या. वाटण गाळून चोथा टाकत असाल तर त्यातली चरबी काही प्रमाणात चोथ्यातच राहते. ती घरी मोजता येत नाही, तेव्हा तो आकडा वरची मर्यादा समजावा.

तव्यावरच्या बांगड्यात सगळ्यात जास्त फसगत तेलाची. तेल ओतण्याआधी बाटली तोलावी, नंतर पुन्हा तोलावी. २० ग्रॅम ओतलं आणि तव्यात ८ ग्रॅम उरलं, तर १२ ग्रॅम रव्यात शिरलं. ग्रॅमला ९ प्रमाणे १०८ कॅलरी.

कुठलीही नोंद तपासायला एक हिशेब पुरतो: प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी गुणिले ४, चरबी गुणिले ९, आणि बेरीज. ती छापलेल्या कॅलरींच्या जवळपास आली नाही तर नोंद सोडून द्यावी.

पण बेरीज जुळली तरी अन्नातून शरीराला तेवढ्याच कॅलरी मिळतात असं नाही, आणि आपल्या काजूत हे स्पष्ट दिसतं. पाकिटावर १०० ग्रॅमला प्रथिनं १८, कर्बोदकं ३० आणि चरबी ४४ असेल तर बेरीज ५८८ येते. लेबल सूत्राप्रमाणे बरोबरच आहे. मात्र अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी माणसांना काजू खायला देऊन शौचातून बाहेर पडलेली ऊर्जा मोजली, तेव्हा शरीराला प्रत्यक्षात मिळालेल्या कॅलरी सुमारे १६ टक्के कमी निघाल्या. चावूनही काजूच्या बऱ्याच पेशी फुटत नाहीत आणि त्यांच्यातली चरबी न पचता बाहेर जाते. काजू बारीक वाटून रश्शात घातले तर पेशी फुटतात. तिथे ही सवलत धरू नये, लेबलाचाच आकडा घ्यावा.